खातं बदललंय; आमच्यावर विश्वास ठेवू नका

भोसरीत सीएनसी मशीनवर सुटे भाग करून देणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या बँकेची शाखा मध्यंतरी दूरच्या शाखेत विलीन झाली, म्हणून त्यांनी वर्कशॉपजवळच्या दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडलं. मग एका शुक्रवारी संध्याकाळी, मशिनं बंद झाल्यावर, त्यांनी चौदाही पार्ट्यांना एकच ई-मेल धाडून दिला. विषयाच्या जागी ‘तातडीचे’. मजकूर असा की आमचं जुनं खातं बंद होत आहे, यापुढचं पेमेंट सोबतच्या पीडीएफमधल्या खात्यात करावं, काही शंका असल्यास खालील नंबरवर संपर्क साधावा. खालचा नंबर नुकत्याच कामाला लागलेल्या अकाउंटंट मुलीचा होता. तो कुठल्याच पार्टीकडे नव्हता.

सोमवारी तीन मोठ्या कंपन्यांनी त्यांचं पेमेंट रोखून धरलं. एका कंपनीच्या अकाउंट्समधल्या बाईंनी स्वतः फोन केला, “साहेब, तुमचा मेल हॅक झालाय.” हे म्हणाले, “अहो मॅडम, तो मीच पाठवलाय.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “चोरही हेच म्हणेल ना!”

स्नेही चिडले. मला मात्र त्या बाईंपेक्षा दुसऱ्याच एका पार्टीची धास्ती वाटली. चाकणच्या एका छोट्या कारखानदाराने काही न विचारता त्याच दिवशी दोन लाख ऐंशी हजार रुपये नव्या खात्यात भरून टाकले होते. “बघा, याला म्हणतात विश्वास,” असं हे मला कौतुकाने सांगत होते. पण जो माणूस खऱ्या मेलवर इतक्या सहज पैसे भरतो, तो उद्या खोट्या मेलवरही तितक्याच सहज भरेल. आणि तसं झालं, की चोरीची फिर्याद त्याची असेल, पण अडकलेलं बिल यांचं.

खातं बदलल्याची खरी सूचना आणि खोटी सूचना शब्दाला शब्द सारखी असते, ही यातली खरी अडचण. चोर काही वेगळी भाषा वापरत नाही. तो आधी कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो आणि गप्प बसून वाचत राहतो. कुठलं बिल कधी गेलं, कोण कोणाला ‘सर’ म्हणतं, पेमेंट महिन्याच्या कुठल्या तारखेला सुटतं, हे सगळं त्याला कळतं. मग नेमक्या वेळी, नेमक्या बिलाचा उल्लेख करून तो लिहितो की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे दुसऱ्या खात्यात पाठवा. २०१५ साली सौदी अरामको या तेल कंपनीने आपल्या ओएनजीसीला नाफ्थ्याचे म्हणून पाठवलेले सुमारे १९७ कोटी रुपये असेच परस्पर भलत्या खात्यात गेले. मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली, तेव्हा बाहेर आलं की मेलच्या पत्त्यात `ongc` च्या जागी `ognc` होतं. दोन अक्षरांची अदलाबदल. रोज त्या पत्त्याशी व्यवहार करणाऱ्याच्या नजरेलाही ती सापडली नाही, कारण ओळखीचा शब्द आपण वाचत नाही, नुसता पाहतो.

तिथे निदान पत्ता तरी खोटा होता. चोर जर तुमच्याच खऱ्या मेलबॉक्समधून लिहीत असेल, तर पत्ताही खरा, सहीखालची ओळही खरी, मागचा सगळा पत्रव्यवहारही खरा. अशा वेळी घेणाऱ्याने मेल कितीही बारकाईने तपासला तरी त्याला काही सापडणार नाही. म्हणून ‘आमचा मेल खरा आहे’ हे मेलमधूनच सिद्ध करण्याची धडपड निरर्थक आहे. लेटरहेड, शिक्का, सही, रद्द केलेल्या चेकचा फोटो यांतलं काहीही एका दुपारात बनवता येतं.

बँक अडवेल का? इथे बऱ्याच जणांचा एक जुना गैरसमज आहे. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना आपण खातेदाराचं नाव भरतो, म्हणून नाव जुळल्याशिवाय पैसे जमा होणार नाहीत असं वाटतं. प्रत्यक्षात रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. नाव एक आणि क्रमांक दुसऱ्याचा असला, तरी पैसे क्रमांकाच्या मालकाकडे जातात, आणि क्रमांक बरोबर भरण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची मानली जाते. या दुखण्यावर रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४च्या परिपत्रकाने उपाय काढला. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर दाखवण्याची सोय या दोन्ही पद्धतींसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये ती आधीपासून होती. सोय चांगलीच आहे, पण नाव वाचायचं आणि थांबायचं काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

तर मग करायचं काय? मी स्नेह्यांना म्हटलं, तुम्ही लोकांना ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं सांगताय. त्याऐवजी ‘ठेवू नका, तपासा’ असं सांगा, आणि तपासायची वाट त्यांच्यासाठी सोपी करून द्या. चोराला सगळ्याची नक्कल करता येते, पण पार्टीने तिच्याकडे वर्षानुवर्षं असलेल्या नंबरवर फोन लावला, तर तो फोन उचलणं त्याला सहसा जमत नाही. आपली सगळी सूचना या एका फोनभोवती बांधायची.

आम्ही पहिला मेल रद्द समजून नव्याने सुरुवात केली. सगळ्यात आधी त्यांचा स्वतःचा मेलबॉक्स तपासला. सेटिंगमध्ये आलेले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कुणी घालून ठेवलाय का, ‘पेमेंट’ किंवा ‘बँक’ हा शब्द असलेले मेल गुपचूप बाजूला सारणारी गाळणी आहे का, अनोळखी फोनवर किंवा संगणकावर खातं उघडं आहे का, हे पाहिलं. पासवर्ड बदलला आणि लॉगिनला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली. ही पायरी लोक हमखास गाळतात. घरात चोर बसलेला असताना नव्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवण्यासारखं आहे ते.

मग चौदा पार्ट्यांची यादी केली, ती नावांच्या क्रमाने नव्हे, तर कुणाचं पेमेंट आधी सुटणार आहे त्या क्रमाने. जुनं खातं निदान चार महिने चालू ठेवायचं ठरवलं. यात थोडे पैसे अडकतात, किमान शिल्लक ठेवावी लागते, पण त्याने सूचनेतली घाई निघून जाते. घाई नसणं हीच खऱ्या सूचनेची सगळ्यात ठळक खूण आहे. ‘जुन्या खात्यात भरलं तरी चालेल, तुमची खात्री झाली की नव्यात भरा’ असं चोर कधीच लिहिणार नाही. त्याला आजच पैसे हवे असतात.

यानंतर स्नेह्यांनी प्रत्येक पार्टीला स्वतःच्या, सगळ्यांना माहीत असलेल्या मोबाइलवरून फोन केला. बोलायचं एवढंच होतं, “आमचं खातं बदलतंय. आठवडाभरात कागदी पत्र येईल. खाते नंबर मी आत्ता सांगत नाही. पत्र आलं की तुमच्याकडे जुना जो नंबर आहे, त्यावर मला फोन करा आणि नंबर जुळवून घ्या.” चौदा फोनांना दोन दुपारी लागल्या. मोठ्या कंपन्यांमध्ये खरेदी विभागातल्या ओळखीच्या माणसाला सांगून भागत नाही. तिथे पुरवठादारांच्या नोंदी म्हणजे व्हेंडर मास्टर बदलण्याची रीत ठरलेली असते. काही ठिकाणी त्यांचा फॉर्म भरून त्यावर आपल्या बँकेचा सही-शिक्का आणावा लागतो, काही ठिकाणी त्यांच्या पोर्टलवर आपण स्वतःच अर्ज करायचा असतो. त्यांची रीत विचारून घ्यावी आणि मुकाट्याने पाळावी. ज्या बाईंनी “चोरही हेच म्हणेल” असं सुनावलं होतं, त्यांच्याकडे पूर्ण तीन आठवडे लागले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

पत्र लेटरहेडवर गेलं, कुरिअरने किंवा माल पोचवणाऱ्या माणसाच्या हाती. सोबत नव्या खात्याचा रद्द केलेला, सही नसलेला चेक होता. मजकूर साधारण असा:

“सप्रेम नमस्कार. आम्ही आमचं चालू खातं दुसऱ्या बँकेत नेत आहोत. ज्या जुन्या खात्यात आपण आजवर पैसे भरत आलात, त्याचे शेवटचे चार आकडे अमुक आहेत. नव्या खात्याचा तपशील खाली दिला आहे. पैसे पाठवताना खातेदाराचं नाव पडद्यावर अगदी याच अक्षरांत दिसेल. कृपया या पत्रावर विसंबून पेमेंट करू नये. आपल्या दफ्तरी आमचा जो फोन नंबर आधीपासून आहे, त्यावर आमच्याशी बोलून खात्री करावी. या पत्रात आम्ही मुद्दाम कोणताही फोन नंबर दिलेला नाही. आपली खात्री होईपर्यंत जुनं खातं चालू आहे. या पत्रानंतर दुरुस्तीचं पत्र, मेल किंवा मेसेज आमच्याकडून येणार नाही. आलाच तर तो आमचा नाही असं समजून आम्हाला फोन करावा.”

यातल्या तीन गोष्टींवर स्नेह्यांनी हुज्जत घातली. पहिली फोन नंबराची. लेटरहेडवर नंबर छापलेलाच असतो, तो काय खोडायचा? मी म्हटलं, या एका पत्रापुरता खोडा किंवा नंबर नसलेल्या कागदावर छापा. पत्रात नंबर दिसला की हात त्याच नंबराकडे जातो. आणि खोट्या पत्रातला नंबर चोराचाच असतो. पार्टीला जुनं बिल किंवा फोनमधली नोंद उघडायला लावणं, हाच तर हेतू आहे.

दुसरी नावाची. त्यांची फर्म प्रोप्रायटरशिप आहे. नव्या बँकेत खातं फर्मच्या नावे आहे, पण बँकेच्या नोंदीत आधी त्यांचं स्वतःचं आडनाव आणि नंतर फर्मचं नाव तुटक अक्षरांत पडलं होतं. आम्ही दुसऱ्या बँकेतून स्वतःच पैसे पाठवून पाहिलं, तेव्हा ते कळलं. हे पत्रात आधी सांगितलं नसतं, तर पार्टीने पडद्यावर वेगळंच नाव पाहून पेमेंट थांबवलं असतं, आणि ते बरोबरच केलं असतं.

तिसरी दुरुस्तीच्या पत्राची. हा डाव कमी लोकांना माहीत असतो. तुमची खरी सूचना फिरू लागली की बाहेरच्यालाही कळतं, हे लोक सध्या खातं बदलतायत. मग तो दोन दिवसांनी मेल टाकतो, ‘मागच्या पत्रात शाखेचा आयएफएससी कोड चुकला होता, सुधारित तपशील सोबत.’ पार्टीचं मन तयार झालेलं असतं, तिने एकदा तपासलेलंही असतं, आणि दुरुस्ती कुणी पुन्हा तपासत नाही. याच कारणासाठी नवं खातं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जाहीर करू नये, आणि सगळ्यांना एका गठ्ठ्याने मेलही करू नये. स्नेह्यांच्या पहिल्या मेलने नेमकं हेच करून ठेवलं होतं, म्हणून नव्या पत्रात त्या मेलचाही उल्लेख करावा लागला.

पार्टीचा फोन आला की नंबर कुणी वाचायचा, यालाही महत्त्व आहे. समोरच्याने पत्रातला नंबर वाचून दाखवायचा आणि आपण “हो, हो” म्हणायचं, ही तपासणी नव्हे. पत्र वाटेत बदललेलं असेल आणि आपण फोनवर दुसरं काम करत असू, तर “हो” सहज निघून जातं. आपणच आपल्या पासबुकातून नंबर सांगायचा आणि समोरच्याने पत्राशी ताडून पाहायचा. शेवटचे सहा आकडे सावकाश सांगितले तरी पुरे.

मग चाचणीची रक्कम. एनईएफटीला किमान मर्यादा नाही, त्यामुळे एक रुपयाही जातो. पण आम्ही पार्ट्यांना विनंती केली की एक रुपया नको, मनाला येईल ती विचित्र रक्कम टाका आणि ती आम्हाला सांगू नका. चाकणच्या कारखानदाराने सात रुपये त्रेचाळीस पैसे टाकले. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत चालते, तेव्हा थोड्या वेळाने त्याने पुन्हा त्याच जुन्या नंबरवर फोन करून विचारलं, किती आले? यांनी खात्यात पाहून सांगितलं, “सात त्रेचाळीस.” झालं काम. मात्र या चाचणीची मर्यादा ओळखून असावं. पैसे कुठल्या तरी चालू खात्यात पोचले आणि फोनवरच्या माणसाला ते खातं दिसतं, एवढंच यातून कळतं. फोन जर पत्रातल्याच नंबरवर लावला असेल, तर चोरही बिनचूक “सात त्रेचाळीस” सांगेल.

आणखी एक चूक होता होता टळली. अकाउंटंट मुलीने उत्साहाने थकलेली जुनी बिलं नव्या खात्याचा तपशील टाकून पुन्हा पाठवायला घेतली होती. बिल तेच, तारीख तीच, फक्त खातं वेगळं, असा कागद म्हणजे फसवणुकीचा शास्त्रशुद्ध नमुनाच. जुनी बिलं होती तशीच राहू दिली. नव्या बिलांवर मात्र पार्टीची पडताळणी पूर्ण झाल्यानंतरच नवं खातं छापायला लागलो. त्याखाली एक कायमची ओळही आली, ‘आम्ही खातं बदलल्याचं फक्त मेल किंवा मेसेज पाठवून कळवत नाही.’ खरं तर ही ओळ खातं बदलायच्या कितीतरी आधीपासून बिलावर असायला हवी. आणि एकदा छापली की स्वतःलाही पाळावी लागते.

हे सगळं झालं सवडीने बदलण्याबद्दल. खरी कसोटी लागते ती सवड नसते तेव्हा. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येऊ लागले. १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तर सुरुवातीला काहीच काढता येईना. अशा बँकेत ज्याचं चालू खातं असेल, त्याने जुन्या खात्यात येणारे पैसे ताबडतोब थांबवायलाच हवेत, कारण आत गेलेली रक्कम अडकते. म्हणजे ‘जुन्या खात्यात भरू नका, तातडीचं आहे’ हे वाक्य इथे शंभर टक्के खरं असतं, आणि ऐकायला मात्र शंभर टक्के चोराचं वाटतं.

अशा वेळी एका सूचनेच्या दोन सूचना कराव्यात. पहिल्या दिवशी पार्टीला एवढंच कळवायचं, ‘आमचं पेमेंट थांबवा.’ नवं खातं सांगायचंच नाही. बँकेवरच्या निर्बंधांची बातमी वर्तमानपत्रात असते, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आदेश असतो, त्यामुळे कारण पार्टीला स्वतःच पडताळता येतं. शिवाय पैसे पाठवू नका असं सांगून चोराला काहीच मिळत नाही, म्हणून या सूचनेवर कुणी संशय घेत नाही. नवं खातं मग चार-आठ दिवसांनी, वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांनी कळवायचं. त्या दिवसांत पगार आणि कच्च्या मालाची ओढाताण होते, हे खरं. पण थांबलेले पैसे पुढच्या आठवड्यात मिळतात, भलत्या खात्यात गेलेले मिळतीलच असं नाही.

चुकून कुणाचे गेलेच, तर तास मोजायचे. पैसे पाठवणाऱ्याने लगेच १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावं. रक्कम चोराच्या पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवली गेली, तर परत मिळण्याची शक्यता असते. ‘आधी साहेबांना विचारतो, मग सोमवारी बघू’ यात ती जाते.

गृहनिर्माण सोसायट्यांना हेच काम सोपं आहे, कारण सदस्य एकाच आवारात असतात. नवं खातं सूचनाफलकावर, सचिव आणि खजिनदार दोघांच्या सह्यांनी, काचेच्या आत लावावं. ग्रुपवर फक्त ‘फलक पाहा’ एवढंच टाकावं, क्यूआर कोड टाकू नये.

भोसरीच्या चौदापैकी तेरा पार्ट्यांची पडताळणी साडेसात आठवड्यांत पूर्ण झाली. चौदावी अजून जुन्याच खात्यात भरते. चार महिने कधीच उलटले, पण तिच्यासाठी ते खातं यांनी चालू ठेवलं आहे.